न विचारलेल्या माणसांबद्दलचा परिच्छेद

परभणीतल्या एका शेतकी महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. शेती शिकायला आलेल्या मुलांना हा विषय नकोसा वाटतो, आणि त्यांना तो नकोसा वाटतो हे मला कळतं, म्हणून मी जरा जास्तच चिडकी झाले आहे असं घरचे म्हणतात. घरच्यांचं चूक नाही. पण चिडण्यामागे एक कारण आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या सल्लागार समितीत एक संख्याशास्त्राचा माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो माणूस बहुतेक वेळा मीच असते. दोन वर्षं विद्यार्थी माझ्याकडे फिरकत नाही. शेवटच्या आठवड्यात प्रबंध घेऊन येतो, सहीचं पान आधीच दुमडून ठेवलेलं असतं, आणि म्हणतो, "मॅडम, फक्त इथं."

एका वर्षी सोयाबीन फुलावर असताना अशीच एक मुलगी आली. चारठाण्याच्या बाजूच्या एका गावची. बोलायला कमी, कामाला चोख. मी तिला वर्गात शिकवलं होतं आणि ती मला आवडायची, हे आधीच सांगून टाकते. तिला एका शेती सल्ला केंद्रात कंत्राटी जागा मिळाली होती, पण शुक्रवारपर्यंत प्रबंध जमा केल्याची पावती दाखवायची होती. त्या दिवशी मंगळवार होता.

"ठेवून जा," मी म्हणाले. "वाचते."

"सगळा?" तिनं विचारलं. तिचा चेहरा उतरला.

मी वाचायला शेवटून सुरुवात करते. शेवटच्या पानावर 'अभ्यासाच्या मर्यादा' असतात. ते वाचून मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं की, हा अभ्यास निवडलेल्या उत्तरदात्यांपुरता मर्यादित आहे, आणि माहिती उत्तरदात्यांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असल्यामुळे निष्कर्ष काळजीपूर्वक वापरावेत.

हा परिच्छेद माझा होता. कितीतरी वर्षांपूर्वी घरोघर जाऊन प्रश्न विचारणाऱ्या एका मुलासाठी मी तो लिहून दिला होता. तेव्हापासून तो स्टेशन रोडवरच्या टायपिंगच्या दुकानातल्या संगणकात बसून होता. आमचे सगळे प्रबंध तिथंच छापले जातात. दुकानवाला मागच्या वर्षीची फाईल उघडतो, नाव बदलतो, विषय बदलतो, 'मर्यादा' आणि 'ऋणनिर्देश' तसेच राहतात. आणि मी वर्षानुवर्षं त्याच्याखाली सही करत आले.

या मुलीच्या अभ्यासात मात्र उत्तरदाता नावाचा प्राणीच नव्हता. तिनं एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं. तिच्या तक्त्यात राज्यातले जिल्हे होते, एका ओळीत एक जिल्हा. एका रकान्यात जिल्ह्याची साक्षरता, दुसऱ्यात दर हेक्टरी कीटकनाशकाचा वापर. दोन्ही आकडे सरकारी पुस्तकांतून घेतलेले. स्मरणशक्ती कुणाची धरायची, हिंगोली जिल्ह्याची का बीडची?

हिशेब तिनं नीट केला होता. मी कागदावर पुन्हा करून पाहिला. ज्या जिल्ह्यांत साक्षरता जास्त, तिथं कीटकनाशकही जास्त. संबंध खरोखरच दिसत होता. मग मी निष्कर्षाचं पान उघडलं. पहिलंच वाक्य होतं: 'शिकलेले शेतकरी अशिक्षित शेतकऱ्यांपेक्षा जास्त कीटकनाशक वापरतात.' आणि त्याखाली शिफारस: 'सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण प्रामुख्यानं शिकलेल्या शेतकऱ्यांना द्यावं.'

मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावलं. टेबलाच्या पलीकडं बसवलं आणि विचारलं, "हे वाक्य कुणाबद्दल आहे?"

"शेतकऱ्यांबद्दल."

"आणि तक्ता?"

"जिल्ह्यांबद्दल."

"मग तक्त्यातल्या जिल्ह्याचा वाक्यात शेतकरी कुठं झाला?"

मी वर्गात दरवर्षी जे उदाहरण देते तेच पुन्हा दिलं. पोखर्णीला देवाच्या जेवणावळीत समजा दहा पंगती उठल्या. ज्या पंगतीत ठेचा जास्त संपला, त्याच पंगतीत जिलेबीही जास्त संपली. म्हणून ठेचा खाणारा माणूसच जिलेबी जास्त खातो, असं म्हणायचं का? ठेचा म्हाताऱ्यांनी संपवला असेल, जिलेबी पोरांनी. पंगत मोठी होती एवढंच झालं असेल. वाढप्याच्या हातातलं रिकामं भांडं बघून कुणाच्या पानात काय होतं ते कळत नाही. पुस्तकात याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. आम्ही वर्गात 'समूहाचं माणसाच्या गळ्यात बांधणं' म्हणतो. हिनं परीक्षेत त्याची व्याख्या लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

"मॅडम, हे मला येतंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण जुन्या प्रबंधात असंच लिहितात."

"साक्षरतेच्या आकड्यात कोण कोण मोजलंय ते तरी बघितलंस का? सात वर्षांवरचं सगळं जिल्हाभरचं माणूस. शेतकरीच नाही, परभणीतला दुकानदार, मास्तर, शाळेतली पोरं, मीसुद्धा. आणि कीटकनाशक म्हणजे जिल्ह्यात वापरलेला एकूण माल भागिले पिकाखालचं क्षेत्र. त्यात फवारणीचा पंप कुणाच्या पाठीवर होता ते आहे का?"

"नाही."

मग मी सहज विचारलं. मी हे मुद्दाम केलं असं नंतर तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, पण मला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, "तुझ्या गावात फवारणी कोण करतं?"

तिनं वर पाहिलं नाही. "आमचे आबा करतात. स्वतःचं रान थोडंच हाय. लोकांच्या कापसावर जातात फवारायला. ज्यांच्यात पोरं शिकून नोकरीला गेली, त्यांच्या रानात आबाच."

"आबा म्हणजे वडील ना? शिकलेत?"

"न्हाई मॅडम. अंगठा हाय." एवढं बोलून ती स्वतःच थबकली. शहरात आल्यापासून ती 'नाही' आणि 'आहे' नीट म्हणायची. त्या क्षणी ते सुटलं. मग म्हणाली, "मॅडम, मी लिहिताना एकदा पण आबांचा विचार केला न्हाई."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्या वयाची असताना याहून मोठमोठी वाक्यं लिहिली आहेत. तरी एक गोष्ट तिला सांगितली, कारण तीही तितकीच खरी होती. "तुझ्या आबांमुळं तक्ता खोटा ठरत नाही. तक्ता जिल्ह्यांबद्दल जे सांगतो ते बरोबरच आहे. आणि एक आबा म्हणजे सगळे फवारणारे नव्हेत. शिकलेले शेतकरी जास्त वापरतात, हे कदाचित खरंही असेल. आपल्याला ते माहीत नाही, एवढंच. आणि माहीत नाही हे लिहायचं."

"शेवटच्या पानावर एक वाक्य टाकते," ती म्हणाली. तिनं तिथंच लिहून दाखवलं: 'तथापि, सदर निष्कर्ष काळजीपूर्वक वापरावेत.'

"काळजीपूर्वक म्हणजे कसं? हळू आवाजात वाचायचं?"

ती हसली. त्या दिवसातलं ते पहिलंच हसू.

तोवर आमची चूक कागदापुरती आहे असं मी धरून चालले होते. दुपारी तिचे मार्गदर्शक सर आले तेव्हा कळलं की तसं नाही. सर विस्तार विभागाचे, म्हणजे संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या विभागाचे. कामसू, खेड्यापाड्यांत फिरलेले, माझ्यापेक्षा शेतकरी त्यांनी जास्त पाहिलेले. जिंतूर तालुक्यात त्यांनी सुरक्षित फवारणीचं शिबिर ठरवलं होतं. शिबिरात मास्क, हातमोजे, चष्मा आणि अंगात घालायचा डगला असा संच मिळणार होता, पण संच मोजकेच होते. कुणाला बोलवायचं हा प्रश्न आला तेव्हा सरांनी या प्रबंधाची शिफारस जोडली आणि अट टाकली: किमान दहावी शिकलेला शेतकरी. गावोगावच्या याद्या व्हायला लागल्या होत्या.

"मॅडम, मर्यादा लिहा ना, मी कुठं नाही म्हणतोय," सर म्हणाले. "मागं एक ओळ टाका आणि सही करून टाका. पोरीची नोकरी जाईल."

"मागं टाकलेली ओळ तुमच्या यादीपर्यंत आली का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ही ओळ आज असती तर तुम्ही वाचली असती का?"

सर प्रामाणिक आहेत. "नसती," ते म्हणाले. "शिफारस तेवढी उचलतो आम्ही."

"म्हणून ती निष्कर्षाच्या शेजारीच पाहिजे. आणि निष्कर्षाचं वाक्यच बदललं पाहिजे. वर चुकीचं वाक्य तसंच ठेवायचं आणि खाली ते खरं मानू नका म्हणायचं, याला काही अर्थ नाही."

"आणि मग शिफारस?"

"जाईल."

सर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर बघत म्हणाले, "दोन वर्षं काम केलंय पोरीनं. शेतकऱ्याबद्दल काहीच सांगायचं नाही तर उरलं काय?"

जिल्ह्यांबद्दल जे उरतं ते थोडं असतं, कोरडं असतं, आणि त्यावर शिबिर घेता येत नाही. कोणत्या जिल्ह्यांत वापर जास्त आहे, कुठं आधी लक्ष द्यावं, एवढं सांगता येतं. ते कमी नाही. पण ज्याला पुढच्या आठवड्यात संच वाटायचे आहेत त्याला ते पुरत नाही. मी मनातून ओशाळले, पण सही केली नाही. "शुक्रवार चुकणार नाही," एवढं मात्र दोघांनाही सांगितलं.

बुधवारची उरलेली दुपार आणि गुरुवारची सकाळ आम्ही दोघींनी त्या परिच्छेदावर घालवली. प्रबंध इंग्रजीत असतो, पण मी तिला आधी मराठीत लिहायला लावलं. इंग्रजीत काही न सांगता पानभर लिहिता येतं; मराठीत आपली आपल्यालाच लाज वाटते. तिनं पाच-सहा वेळा लिहिलं, मी खोडलं. तिनं एकदा लिहिलं की 'संबंध व्यक्तींना लागू नाही.' मी म्हणाले, हेही जास्त झालं. लागू आहे की नाही तेच ठाऊक नाही. शेवटी जे ठरलं ते असं होतं:

'या अभ्यासातली प्रत्येक नोंद एका जिल्ह्याची आहे, शेतकऱ्याची नाही. ज्या जिल्ह्यांत साक्षरता जास्त, त्या जिल्ह्यांत दर हेक्टरी कीटकनाशकाचा वापरही जास्त आढळला. त्या जिल्ह्यांत जास्त कीटकनाशक शिकलेले शेतकरी वापरतात की न शिकलेले, हे यावरून सांगता येत नाही. जिल्ह्यांमध्ये दिसलेला संबंध माणसामाणसांत तसाच असेल, नसेल किंवा उलटाही असेल. प्रत्यक्ष फवारणी कोण करतं, ही माहिती या आकड्यांत नाही. म्हणून कोणत्याही व्यक्तीला निवडण्यासाठी किंवा वगळण्यासाठी या निष्कर्षाचा आधार घेऊ नये. ते जाणून घ्यायचं तर शेतकऱ्यांना आणि फवारणाऱ्यांना विचारावं लागेल.'

हा परिच्छेद इंग्रजीत करून निष्कर्षाच्या लगेच खाली बसवला आणि सारांशातही त्याची दोन वाक्यं घातली, कारण लोक सारांशच वाचतात. मग तिनं सगळा प्रबंध पुन्हा चाळला आणि जिथं जिथं 'शिकलेला शेतकरी' आला होता तिथं 'जास्त साक्षरतेचे जिल्हे' केलं. एकच ठिकाण राहिलं. प्रबंधाच्या शीर्षकात 'शेतकऱ्यांची साक्षरता' असे शब्द होते, आणि मंजूर झालेलं शीर्षक बदलायचं तर समितीची बैठक, अर्ज, महिना. ते तसंच गेलं. तो काटा अजून टोचतो मला.

टायपिंगवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की तो स्मरणशक्तीचा परिच्छेद संगणकातून काढून टाक. तो म्हणाला, "काढतो मॅडम, पण मग पोरं काय टाकतील?" मी म्हटलं, काहीतरी लिहितील.

शुक्रवारी दुपारी प्रबंध जमा झाला. पावती हातात घेऊन ती माझ्या दारात आली. पेढे आणले असतील असं मला वाटलं, पण तिच्या मनात दुसरंच होतं.

"मॅडम, रात्री आबांना फोनवर वाचून दाखवलं."

"काय?"

"तो परिच्छेद. मराठीतला. आबा म्हणाले, म्हंजे तुमाला म्हाईत न्हाई असं लिवलंय व्हय? मी म्हणलं, हो. तर म्हणाले, मंग इचारायला कवा येता?"

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला शरम वाटली. इतकी वर्षं मी मर्यादा लिहिल्या, लिहायला लावल्या, आणि त्या लिहून झाल्या की आपलं काम संपलं असंच धरलं. माहीत नाही असं छापून मी मोकळी व्हायची. त्या अंगठेबहाद्दर माणसानं ते वाक्य ऐकल्याबरोबर पुढचं काम विचारलं होतं.

मी सरांना फोन केला. आबांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. सर म्हणाले, "यादी थांबवतो. शिबिर आठ दिवस पुढं ढकलू." दहावीची अट त्यांनी काढली आणि तिच्या जागी गावात विचारून ठरवायचं असं लिहिलं: पाठीवर पंप कोण घेतं.

सुरुवात चारठाण्याच्या बाजूच्या त्या गावापासून करायची ठरली. रविवारी मी, सर आणि ती मुलगी सरांच्या गाडीतून गेलो. सर एका आळीत गेले, आम्ही दोघी दुसऱ्या. वहीत रकाने आखले होते: अनुक्रमांक, शिक्षण, स्वतःचं रान आहे का, फवारणी स्वतः करता का, तोंडाला काय बांधता, त्रास काय होतो. नावाचा रकाना ठेवला नव्हता. वही मुलीच्या हातात होती.

पहिलं घर तिचंच. ओट्यावर सतरंजी टाकून ठेवली होती. आबा अंगणातून पाय धुऊन आले. माणूस काटक, हसरा, डोळे मात्र लालसर. मुलीनं प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरं द्यायची, याची दोघांनाही मौज वाटत होती.

"शिक्षण?" तिनं विचारलं.

"लिव, शाळेच्या भिंतीपातूर," आबा म्हणाले. "शाळा बांदताना इटा टाकल्यात मी."

"स्वतः फवारता का?"

"गावातलं आर्धं रान मीच फवारायलोय. तुला ठावं न्हाई?"

"आबा, विचारायला लागतंय," ती म्हणाली.

पुढचा रकाना तिनंच वाचला. "तोंडाला?"

"टावेल."

मग शेवटचा रकाना आला. तिनं विचारलं, "फवारल्यावर त्रास काय होतो?"

आबा तिच्याकडं बघून हसले. "काय न्हाई. लय झालं तर डोकं जड व्हतंय. लिव, काय न्हाई."

तिनं लिहिलं. आबांनी पुन्हा तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाय, मॅडमला च्या टाक की. आल्यापून पाणी बी दिलं न्हाई तू." ती वही सतरंजीवर ठेवून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येईपर्यंत आबा बोलले नाहीत. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "मॅडम, ते शेवटचं खोटं हाय. हिच्यासमोर नका इचारू."

आणि त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून फवारून आल्यावर उलट्या होतात, हात थरथरतात, एकदा बांधावरच पडले तेव्हा शेजारच्या रानातल्यांनी उचलून आणलं. घरी कुणाला सांगू दिलं नाही, कारण मुलगी परभणीचं शिक्षण सोडून परत आली असती. मी वही ओढून घेतली आणि तिनं लिहिलेलं 'काही नाही' खोडायला पेन उचललं. त्यांनी माझा हात धरला नाही, पण हात पुढं केला.

"लिवू नका," ते म्हणाले. "तिला वाचता येतंय."

मी पेन तसंच धरून बसले. ते न लिहिणं म्हणजे खोटी नोंद ठेवणं. लिहावं तर ते दोन वर्षं जे लपवत आले ते मीच तिच्या हातात द्यायचं. शेवटी मी म्हणाले, "मी लिहिणार, पण इथं नाही. ही ओळ आत्ता तशीच ठेवते. गावातल्या सगळ्यांचं विचारून झालं की नोंदी नव्या पानावर उतरवीन, ही ओळ तिथं येणार नाही, आणि तुमचं खरं मधेच कुठंतरी लिहीन. नाव नाहीच. कोणती ओळ कुणाची ते कुणाला कळणार नाही. आणि तुम्ही उद्या जिंतूरला डॉक्टरला दाखवायचं, आणि तोपर्यंत पंप उचलायचा नाही. दोन्ही कबूल असेल तर."

"कोनाला बी कळणार न्हाई?"

"नाही."

ते डॉक्टरकडे गेले, आणि शिबिरालाही आले, संच घालून पहिल्या रांगेत बसले. पुढं डॉक्टरांच्या सांगण्यावरून फवारणी सोडली तेव्हा त्यांनी स्वतःच मुलीला सगळं सांगितलं, म्हणून आज हे लिहायला हरकत नाही.

तक्त्यातून माणूस ओळखता येत नाही, हे मी आयुष्यभर तक्रार म्हणून शिकवत आले. त्या संध्याकाळी गाडीत बसून सगळ्या नोंदी नव्या पानावर उतरवताना मी ती एक ओळ इतर ओळींच्या मधे लिहिली, आणि शेवटी बेरीज करताना मुलीनं तीही मोजली. "मॅडम, त्रास होणारे बरेच निघाले," ती म्हणाली. "आमचे आबा तेवढे बरे आहेत."